खुर्ची राखून ठेवण्यासाठी स्कॅन करा

प्रेसमध्ये मला कात्री म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे रागावायचीही सोय नाही. छापायला आलेला मजकूर आधी माझ्या टेबलावर येतो आणि तिथून उठतो तेव्हा निम्मा झालेला असतो. मालक म्हणतात, गिऱ्हाईक शब्दांचे पैसे देत नाही, कागदाचे देतं, मग तुमचा जीव का जातो? माझा जीव जातो, कारण लोक वाचत नाहीत असं सगळे म्हणतात आणि वाचावंसं वाटणार नाही असंच लिहितात.

त्या दिवशी सभागृहाच्या ताई आल्या. आमच्या वस्तीच्या टोकाला जुनं सार्वजनिक सभागृह आहे, त्याचं सगळं त्या बघतात. वय माझ्याएवढंच, साठीच्या उंबरठ्यावर, पण आवाज असा की मशीन चालू असतानाही शेवटचा शब्द ऐकू यावा. त्यांनी एक पोस्टर माझ्यापुढे पसरलं.

"हेच छापायचंय, पण दुप्पट मोठं. लोकांना दिसत नाहीये वाटतं."

निळंशार पोस्टर. वर हात हातात घेतलेली हसरी माणसं, त्याखाली 'जोडले जा!', मधोमध क्यूआर कोड आणि त्याखाली 'स्कॅन करा!'. अगदी तळाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक लिंक. मी ते ओळखलं. ओळखणार नाही कशी? आमच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी ते कित्येक महिन्यांपासून चिकटवलेलं होतं. रोज जाताना आणि येताना मी त्या हसऱ्या माणसांकडे तोंड करून उभी असायची.

"हे इंटरनेट कंपनीचं आहे ना?" मी विचारलं.

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कंपनी? अहो, हे आमचं आहे. गुरुवारचं जेवण. एकट्या राहणाऱ्या माणसांनी यायचं, एका टेबलावर बसून जेवायचं, गप्पा मारायच्या, घरी जायचं. फुकट आहे. आदल्या दिवशी नाव मात्र कळवायचं, म्हणजे अंदाज येतो."

"हे कुठे लिहिलंय?"

"स्कॅन केलं की सगळं येतं."

"आणि स्कॅन का करायचं?"

"कळायला!" त्या म्हणाल्या आणि मग स्वतःच जरा थबकल्या.

मी विचारलं, किती जण येतात. त्यांनी पोस्टरची एक कड उगाच सरळ केली. "सुरुवातीला दोघं यायचे. ओळखीतलेच. आता मी असते." जेवण किती करता, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. आठ माणसांचं टेबल मांडून एकटीच जेवणारी बाई मला लगेच दिसली. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून, बिस्किटाच्या पुड्यावरच्या चुका शोधत जेवणारी बाई मला रोजच दिसते, त्यामुळे कल्पनेला फार ताण द्यावा लागला नाही.

मग खरी गोष्ट बाहेर आली. सभागृहाच्या समितीने ताईंना निर्वाणीचं सांगितलं होतं. येत्या बुधवारी संध्याकाळपर्यंत सात नावं आली नाहीत, तर गुरुवारची दुपार नाचाच्या वर्गाला द्यायची. समितीतले एक गृहस्थ म्हणाले म्हणे, आपल्या वस्तीत एकटं कोणी नाहीच, गरज असती तर आले असते.

"खरंच नसेल का कोणी?" ताईंनी मला विचारलं. एवढा मोठा आवाज, पण तो प्रश्न कसा बारीक आला.

मला समितीचा राग आला. पोस्टर तोंड मिटून उभं आणि म्हणे लोकांना गरज नाही!

"मोठं करून काही होणार नाही," मी म्हटलं. "मोठ्याने 'स्कॅन करा' म्हटलं तरी ते 'का' नाही सांगत. दोन दिवस द्या मला."

"द्या काय, घ्या. आणि तुम्ही पण या की एखाद्या गुरुवारी."

"मला गुरुवारी कामं असतात," मी म्हटलं.

त्या गेल्या. मी पोस्टर टेबलावर उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. इतके महिने मी त्याच्यापुढे उभी होते आणि ते मला बोलवत होतं. मला पत्ता नव्हता. मजकूर वाचून पोट भरणाऱ्या बाईला पत्ता नव्हता. यात माझी चूक काही नव्हती, तरी मला रडू आल्यासारखं झालं आणि मी चहाच्या निमित्ताने उठले.

त्या रात्री कच्चा नमुना छापून मी घरी घेऊन निघाले. माझी एक सवय आहे. नमुना ज्या भिंतीवर लागणार, त्या भिंतीवर आधी धरून बघायचा. टेबलावर सगळंच छान दिसतं. लिफ्टमध्ये शिरले आणि जुन्या पोस्टरवर माझा कागद धरला. नवीन मथळा होता, 'एकटे जेवता?'

दार मिटता मिटता भिंतीपलीकडचे काका आत आले. म्हणजे माझ्या घराला लागून ज्यांचं घर आहे ते. आमची जेवायची खोली आणि त्यांची जेवायची खोली यांत एकच भिंत. त्यांची खुर्ची ओढल्याचा आवाज मला येतो, एकच खुर्ची. मग ताटात चमचा. मग नळ. इतकी वर्षं मी त्यांना ऐकते आहे आणि तोंडावर 'काय, बरं आहे ना' एवढंच बोलले आहे. ते हातात पावाचा पुडा घेऊन उभे राहिले आणि माझा कागद वाचून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. लिफ्टमध्ये वळवायला जागा किती असते? ते पावाच्या पुड्याकडे बघू लागले.

मला उमगलं, मथळा चुकला. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या देखत 'एकटे जेवता?' असल्या प्रश्नासमोर फोन कोण उंच धरेल? ती तर कबुली झाली. मी कागद घाईघाईने गुंडाळला.

"काका, एक विचारू? हे जुनं पोस्टर तुम्हाला कशाचं वाटतं?"

त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "लाईटबिलाचं. 'जोडले जा', म्हणजे बिल भरा, नाहीतर तोडू."

मला हसू फुटलं. तेही हसले. त्यांचं हसणं मी भिंतीतून कधी ऐकलं नव्हतं.

"कधी स्कॅन करून बघितलंत?"

"कशाने?" त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला. "याला डोळा नाही. घरी संगणक आहे, मुलाने दिलेला, त्यावर बघतो मी सगळं. पण संगणक उचलून लिफ्टमध्ये आणू की काय?"

"खाली लिंक आहे ना. ती टाइप करायची."

"मॅडम, ती बघितलीत का तुम्ही?"

मी चष्मा वर करून बघितली. लांबलचक लिंक, मध्येच मोठी अक्षरं, मध्येच आकडे. हा शून्य की इंग्रजी 'ओ', हा एक की 'एल', देव जाणे. यंत्राने काढलेली लिंक, यंत्रालाच वाचता यावी. कोणी ती कागदावर उतरवून घेऊन घरी नेली असती, तरी तिसऱ्या अक्षराला हरवली असती. आमचा मजला आला. काकांनी 'बरं' म्हटलं, दार उघडलं आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडे ती एक खुर्ची ओढली गेली. मी त्यांना जेवणाबद्दल काहीच सांगितलं नाही. तोंडाने सांगणं मला जमत नाही, मला छापूनच सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी मी मजकूर हातात घेतला. हसरी माणसं काढली. मालक म्हणाले, चित्र काढलंत तर पोस्टर भकास दिसेल. मी म्हटलं, ती माणसं इतकी सुखात आहेत की त्यांना आणखी कोणी नकोच आहे. मालकांनी हात जोडले.

मथळा असा केला: 'गुरुवारचं दुपारचं जेवण, सगळ्यांनी एका टेबलावर.' एकटेपणाचं नाव नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल आणि ज्याला चारचौघांत कळू द्यायचं नसेल त्यालाही वाचता येईल. त्याखाली, सभागृह, वेळ, आणि 'पैसे नाहीत'. मग कोडच्या वर, खाली नव्हे, कारण माणूस आधी वाचतो आणि मग फोन काढतो: 'तुमची खुर्ची राखून ठेवण्यासाठी स्कॅन करा. नाव आणि फोन नंबर, एवढंच विचारू.' या शेवटच्या वाक्यावर ताईंशी फोनवर वाद झाला. त्या म्हणाल्या, हे कशाला? मी म्हटलं, कोडच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. बंद दारावर टकटक करायला सांगताय, तर आत कोण आहे ते तरी सांगा. बरं, राहू द्या, त्या म्हणाल्या.

कोडच्या चारही बाजूंनी पांढरी पट्टी मोकळी सोडली. आधी तो निळ्यात पार बुडवला होता, त्यामुळे काही फोनना त्याच्या कडाच सापडत नव्हत्या. ताईंना त्यांच्या वेबसाइटवर छोटा पत्ता करून घ्यायला सांगितला, सभागृहाचं नाव, तिरकी रेघ आणि 'जेवण' हा शब्द इंग्रजीतल्या पाच लहान अक्षरांत. आकडा एकही नाही. नवा कोडही त्याच पत्त्याचा काढला. पत्ता आखूड, म्हणून कोडमधले ठिपकेही कमी आणि जाड झाले, लांबून सुद्धा पकडता येतील असे. आणि उघडल्यावर सरळ नाव नोंदवायचं पान. आधी तो कोड सभागृहाच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर नेऊन सोडायचा, तिथे समितीच्या फोटोंतून जेवण शोधावं लागायचं.

मग कोडच्या खाली, ठळक आणि मुंगीच्या नव्हे तर माणसाच्या मापाच्या अक्षरांत: 'स्कॅन होत नाही? हा पत्ता टाइप करा.' पत्ता. 'किंवा फोन करून नाव सांगा.' नंबर. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे बटणांचा फोन होता.

छपाईआधी तपासणी माझीच. कागदावर छापलेल्या कोडची, पडद्यावरच्या नव्हे, कारण लोक कागदच बघणार. मी नमुना घरी नेला, भिंतीला चिकटवला, लिफ्टमध्ये असतो तितका अंधार केला आणि फोन धरला. पान उघडलं. नावाच्या जागी मी 'चाचणी' वगैरे लिहीत नाही. खरं लांबलचक नाव घातलं तरच कळतं की रकान्यात मावतं की नाही. आईचं नाव घातलं. फोन नंबर घरचा. 'तुमची खुर्ची राखून ठेवली आहे' असं उत्तर आलं. मग लिंक टाइप करून बघितली, संगणकावर, अक्षर अक्षर. या वेळी आजीचं नाव. पुन्हा तेच उत्तर. राहिला फोन. नंबर फिरवला, तर ताईंच्या आवाजातलं यंत्र लागलं. नाव सांगा, किती खुर्च्या ते सांगा, काही सांगायचं असेल तर सांगा.

मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. प्रेसमध्ये मशीनवर ओरडून बोलते, पण घरात माझा आवाज मी फारसा वापरत नाही, तो जुन्या बिजागरीसारखा निघाला. मावशीचं नाव सांगितलं. म्हटलं, "एकच खुर्ची." यंत्र ऐकतच राहिलं. कोणी इतकं थांबून ऐकलं की माणूस घसरतो. म्हणून मी पुढे म्हटलं, "कोपऱ्यातली चालेल." आणि फोन ठेवला.

तिन्ही वाटा चालत होत्या. नमुन्यावर सही केली. पोस्टरं छापली, ताईंनी ती लिफ्टमध्ये, जिन्यांत, दवाखान्याच्या बाकापाशी, कपडे धुवायच्या दुकानात लावली. चाचणीच्या नोंदी काढून टाका हे मी ताईंना सांगणार होते. सांगते सांगते म्हणून राहून गेलं. काम संपलं की मी ते डोक्यातून काढून टाकते, नाहीतर रोजच्या रोज जुन्या चुकाच आठवत बसेन.

बुधवारी संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून दुधात पाव बुडवत होते. फोन वाजला. मुलगी असेल वाटलं, पण तिचा वार रविवार असतो.

"कात्रीबाई!" फोन कानापासून लांब धरावा लागला. "नऊ! नऊ नावं आली! समितीला सांगायलाच निघालेय, म्हटलं आधी तुम्हाला सांगावं."

मला इतका आनंद झाला की मी पाव खाली ठेवला. ताई थांबायला तयार नव्हत्या. "दवाखान्यातली एक बाई आहे, कपडे धुवायच्या दुकानातून दोघं आलेत. तुमच्याच इमारतीतले एक काका आहेत, त्यांनी संगणकावर पत्ता टाइप केला म्हणे आणि नावाच्या रकान्यातच पुढे लिहिलंय, 'लाईटबिल नाही हे कळलं, आभारी आहे.' असं का लिहिलं असेल हो?"

"काय की," मी म्हटलं. माझा हात भिंतीवर गेला होता.

"आणि दोन बायका आहेत, नावं कशी जुन्या वळणाची, गोड. दोघींचा नंबर एकच. जावा-जावा असतील नाहीतर बहिणी. त्यांना शेजारी शेजारी बसवणार आहे. आणि एक बाई आहे ना," इथे ताईंचा आवाज खाली आला, "तिने फोनवर सांगितलं. इतकं हळू बोलली, मी तीनदा ऐकलं. कोपऱ्यातली खुर्ची चालेल म्हणाली. मला कसंतरीच झालं हो. कोपऱ्यात कशाला? मी तिला मधोमध बसवणार आहे."

आई, आजी आणि मावशी. तिघींना जाऊन वर्षं झाली. तिघींच्या खुर्च्या मांडल्या जाणार होत्या आणि तिघी मीच होते.

मनात हिशोब आपोआप झाला. नऊतून तीन गेल्या की सहा. सातला एक कमी. गप्प बसले तर समिती गप्प बसेल आणि गुरुवार वाचेल. कोण बघायला येतंय? जेवायला नाव देऊन न येणारी माणसं असतातच. मी 'हं' म्हटलं आणि जवळजवळ फोन ठेवलाच होता.

पण मग मला ताई दिसल्या, मधोमधच्या रिकाम्या खुर्चीमागे उभ्या, जेवण निवत चाललेलं, दाराकडे बघत. हळू बोलणारी ती बाई का आली नाही, काय झालं असेल तिला, म्हणत. त्या खरोखर वाट बघतील. वाट बघणं काय असतं ते मला कोणी सांगायला नको. नाचाचा वर्ग परवडला, पण हे नको.

"ताई," मी म्हटलं, "त्यातली तीन नावं माझी आहेत."

"म्हणजे?"

"चाचणीची. कोड चालतो का, लिंक चालते का, फोन लागतो का, ते बघायला मी टाकली. त्या दोघी बहिणी नाहीत. आई आणि आजी आहे माझी. काढून टाका सांगायचं राहिलं. माझी चूक. खरी सहाच आहेत."

ताईंची शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आणि फोनवरची?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तीही मीच."

"तो आवाज तुमचा होता?"

"घरातला आहे तो."

मग कागद चाळल्याचा आवाज आला, पेनाचं टोपण उघडल्याचा.

"गुरुवारी तुम्हाला कामं असतात म्हणालात त्या दिवशी," ताई म्हणाल्या. "तुमच्या प्रेसच्या दारावर 'गुरुवारी बंद' अशी पाटी आहे. मी वाचलीय. सुरेख लिहिलीय, सगळं स्पष्ट कळतं."

मी दुधातल्या पावाकडे बघितलं. भिंतीपलीकडे खुर्ची ओढली गेली.

"मग दोनच खोडते," ताई म्हणाल्या.